वृत्तालेखाची शेवटची पाकळी जुळत नाही? उरलेला कोन मोजा, चूक कुठे आहे ते कळेल

घरखर्चाचा वृत्तालेख काढताना बहुतेक जण एकाच ठिकाणी अडतात. टक्के लिहून झालेले असतात, प्रत्येकाला ३.६ ने गुणून कोनही काढलेले असतात आणि एकेक पाकळी कोनमापकाने मोजून आखलेली असते. मग शेवटच्या पाकळीची पाळी येते आणि तिच्यासाठी राहिलेली जागा हिशेबातल्या कोनाशी जुळत नाही. कधी चार अंश जास्त, कधी सात अंश कमी. यावर सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे शेवटचा कोन मोजायचाच नाही आणि जे उरले तीच शेवटची पाकळी मानायची. चित्र पूर्ण दिसते, पण आधीच्या सगळ्या पाकळ्यांच्या चुका त्या एकीच्या माथी बसतात. घरखर्चाच्या यादीत शेवटी बहुधा बचत लिहिलेली असते. म्हणजे जो आकडा नीट दिसावा म्हणून आलेख काढला, तोच सगळ्यात चुकीचा दिसतो.

असे आलेख मी वर्षानुवर्षे तपासत आलो आहे आणि खोडरबर हातात घेण्याआधी एक गोष्ट करायला सांगतो. उरलेली जागा कोनमापकाने मोजा आणि ती हिशेबापेक्षा किती अंशांनी कमी किंवा जास्त आहे ते बाजूला लिहा. प्रत्येक प्रकारची चूक वेगळ्या मापाचा फरक मागे ठेवते. त्यामुळे तो फरक पाहिला की चूक कुठे शोधायची हे बऱ्यापैकी कळते.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. एका घराच्या महिन्याच्या उत्पन्नाची वाटणी अशी आहे:

| बाब | टक्के | कोन (टक्के × ३.६) |
|---|---|---|
| घरभाडे | २८ | १००.८° |
| किराणा | २४ | ८६.४° |
| शिक्षण | १७ | ६१.२° |
| प्रवास | ९ | ३२.४° |
| औषधोपचार | ५ | १८° |
| बचत | १७ | ६१.२° |
| एकूण | १०० | ३६०° |

३.६ कुठून आले ते सगळ्यांना माहीत असते. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचे आणि पूर्ण खर्च १०० टक्क्यांचा, म्हणून एका टक्क्याच्या वाट्याला ३.६ अंश येतात. २८ टक्क्यांचा कोन तोंडी काढायचा तर दहा टक्क्यांचे ३६ अंश लक्षात ठेवावेत. तीस टक्क्यांचे १०८ झाले, त्यातून दोन टक्क्यांचे ७.२ वजा केले की १००.८.

आता आखायला घेण्याआधी दोन बेरजा करा. टक्क्यांची बेरीज १०० आणि कोनांची ३६० आली पाहिजे. ही दोन मिनिटे फार मोलाची आहेत, कारण त्यांनी शोधाचे दोन भाग पडतात. दोन्ही बेरजा बरोबर असूनही शेवटची पाकळी चुकत असेल, तर दोष आखणीत आहे. बेरीजच चुकत असेल, तर कोनमापकाला दोष देण्यात अर्थ नाही.

टक्क्यांची बेरीज ९९ किंवा १०१ येते

हे फार वेळा होते आणि त्यात गुणाकाराची काहीच चूक नसते. समजा, घराच्या वहीतले खरे टक्के २८.४, २४.३, १७.४, ८.६, ४.४ आणि १६.९ होते. बेरीज नेमकी १००. पण दशांश नकोत म्हणून प्रत्येक आकडा जवळच्या पूर्णांकात लिहिला तर २८, २४, १७, ९, ४ आणि १७ असे होतात, आणि त्यांची बेरीज ९९. हरवलेल्या एका टक्क्याचे ३.६ अंश वर्तुळात तसेच मोकळे राहतात. शेवटची पाकळी ६१.२ ऐवजी ६४.८ अंशांची निघते.

इथे उपाय एकच चांगला आहे. टक्के पूर्णांकात आणायचेच नाहीत. दशांश तसाच ठेवून ३.६ ने गुणावे, किंवा रकमा हाताशी असतील तर टक्क्यांच्या वाटेला न जाता रकमेला एकूण रकमेने भागून ३६० ने गुणावे. मूळ आकडे मिळतच नसतील आणि हाती ९९ बेरजेचे टक्केच असतील, तर प्रत्येकाला ३.६ ऐवजी ३६० ÷ ९९, म्हणजे सुमारे ३.६४ ने गुणावे. त्याने उणीव सगळ्यांत त्यांच्या त्यांच्या प्रमाणात वाटली जाते, एकट्या बचतीवर पडत नाही.

मात्र बेरीज ९४ आली तर असे वाटून टाकू नका. पूर्णांकात आणताना एका आकड्यात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. सहा बाबींचा मिळून तो तीन टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही, आणि एरवी तर एकच टक्का असतो. सहा टक्के गायब असतील तर यादीतून एखादी बाब सुटली आहे. बेरीज १०८ आली असेल तर एखादी बाब दोनदा आली आहे. कर्जाचा हप्ता 'घर' या नावाखालीही आणि 'हप्ते' या नावाखालीही, असे मी पुष्कळदा पाहिले आहे.

त्याहून खोल असलेली एक गल्लत मात्र नुसती बेरीज करून दुरुस्त होत नाही. हे शंभर टक्के कशाचे? उत्पन्नाचे असतील तर बचत ही एक पाकळी आहे. खर्चाचे असतील तर बचतीला वर्तुळात जागाच नाही. आणि ज्या महिन्यात खर्च उत्पन्नापेक्षा जास्त झाला, त्या महिन्याच्या उत्पन्नाचा वृत्तालेख काढताच येत नाही, कारण सगळ्या पाकळ्या मिळून ३६० च्या पुढे जातात. तेव्हा एकूण खर्चाचे वर्तुळ काढावे आणि तूट त्याखाली शब्दांत लिहावी.

फरक एक-दोन अंशांचा आहे

कोनमापकावर एक अंशापेक्षा बारीक खूण नसते, म्हणून वरच्या तक्त्यातले कोन पूर्ण अंशांत लिहावे लागतात: १०१, ८६, ६१, ३२, १८, ६१. बेरीज करून पाहा, ३५९ येते. एक अंश कमी पडला. हा फरक निरुपद्रवी असला तरी तो शेवटच्या पाकळीला चिकटवून देऊ नये. त्यासाठी वेगळी खटपट करायची गरजही नाही. खाली आखणीची जी पद्धत सांगणार आहे, तिच्यात हा अंश आपोआप जागेवर येतो.

फरक मोठा आणि सम संख्येत आहे

शेवटची पाकळी हिशेबापेक्षा २२ अंशांनी मोठी किंवा ८ अंशांनी लहान निघाली, तर बहुधा कोनमापकाची चुकीची पट्टी वाचली गेली आहे. कोनमापकावर आकड्यांच्या दोन पट्ट्या असतात, एक डावीकडून शून्यापासून सुरू होते आणि दुसरी उजवीकडून. चुकीच्या पट्टीवर ३२ अंश आखायला गेलात तर १४८ अंशांची पाकळी होते आणि चूक लगेच डोळ्यांत भरते. धोका काटकोनाच्या आसपासच्या कोनांना असतो. १०१ ऐवजी ७९ आखले गेले, किंवा ८६ ऐवजी ९४, तर नजरेला काहीच खटकत नाही.

इथे उरलेला फरक फार नेमके बोट दाखवतो. फरकाचे निम्मे करा. शेवटची पाकळी मोठी झाली असेल तर ते निम्मे ९० त मिळवा, लहान झाली असेल तर ९० तून वजा करा. २२ चे निम्मे ११, ते ९० त मिळवले की १०१. म्हणजे घरभाड्याची पाकळी उलट्या पट्टीवर मोजली गेली. ८ चे निम्मे ४, ते ९० तून गेले की ८६. म्हणजे किराणा. मुलांना हे करून दाखवले की ती लगेच दुसऱ्याच्या वहीतली चूक शोधायला धावतात.

आखताना ही चूक टाळायची तर आकडा वाचण्याआधी टक्क्यांकडे पाहावे. २५ टक्क्यांपेक्षा कमी वाटा असेल तर पाकळी काटकोनापेक्षा लहानच असली पाहिजे, जास्त असेल तर मोठीच.

(टक्के हेच अंश समजून सरळ २८ अंश, २४ अंश असे आखले तर वर्तुळाचा पाऊण भाग मोकळा राहतो. ती चूक शोधावी लागत नाही.)

दोन्ही बेरजा बरोबर, पट्टी बरोबर, तरी पाच-सात अंशांचा फरक

ही खरी चिवट तक्रार. आकडेमोड तीनदा तपासली जाते आणि काहीच सापडत नाही, कारण चूक कोनमापक ठेवण्यात असते.

तुमचा कोनमापक हातात घेऊन त्याची खालची कड नीट पाहा. अनेक कोनमापकांत शून्यापासून १८० पर्यंत जाणारी रेघ ही प्लॅस्टिकची कड नसते. ती कडेच्या थोडी वर, कधी तीन मिलिमीटर तर कधी त्याहून जास्त अंतरावर छापलेली असते, आणि मध्यखूणही त्याच रेघेवर असते. ज्याचे हे लक्षात आलेले नसते तो कोनमापकाची कड आपल्या त्रिज्येवर टेकवतो. त्यामुळे सगळा कोनमापक तीन मिलिमीटर वर सरकतो आणि वर्तुळाचा मध्य मध्यखुणेच्या खाली राहतो.

याचा परिणाम सगळ्या कोनांवर सारखा होत नाही. काटकोनाजवळच्या कोनाला जवळपास धक्का लागत नाही, पण लहान कोन चांगलेच फुगतात. नेहमीच्या पाच सेंटिमीटर त्रिज्येच्या कोनमापकावर तीन मिलिमीटरची ही सरक १८ अंशांचा कोन सुमारे २१ अंशांचा करते आणि ३२ अंशांचा सुमारे ३५ चा. ६१ चा कोन दीडेक अंशाने वाढतो. ८६ तसाच राहतो आणि १०१ उलट अर्धा-पाऊण अंश कमी होतो. आपल्या तक्त्यातल्या पहिल्या पाच पाकळ्या अशा आखल्या तर सगळे मिळून सात अंशांच्या आसपास जास्त जागा खाल्ली जाते आणि बचतीला ६१ ऐवजी ५४ च अंश उरतात. म्हणजे १७ टक्क्यांची बचत १५ टक्क्यांची दिसते. शेवटची पाकळी लहान निघते आणि आधीच्या लहान पाकळ्या पुन्हा मोजल्या की मोठ्या भरतात, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर कारण हेच समजा.

रेघेचे भान ठेवले तरी आणखी एक अडचण राहते. नेहमीच्या पद्धतीत पहिली पाकळी आखून झाली की कोनमापक नव्या त्रिज्येवर सरकवतात आणि तिथून दुसरी मोजतात, मग तिसऱ्या त्रिज्येवर, असे पाच वेळा. दर खेपेला मध्यखूण मिलिमीटरभर इकडेतिकडे झाली तर एका खेपेला एखाद्या अंशाची चूक होऊ शकते. दुसरी पाकळी पहिलीच्या चुकलेल्या रेघेवरून सुरू होते, तिसरी दुसरीच्या. चुका एकमेकींवर चढत जातात.

म्हणून मी पाकळ्या एकामागून एक मोजतच नाही. सगळ्या खुणा एकाच त्रिज्येवरून करतो.

त्यासाठी टक्क्यांची चढती बेरीज घ्यायची आणि तिला ३.६ ने गुणायचे. २८, मग २८ अधिक २४ म्हणजे ५२, त्यात १७ मिळवून ६९, मग ७८, ८३ आणि १००. यांचे कोन १००.८, १८७.२, २४८.४, २८०.८, २९८.८ आणि ३६०. पूर्ण अंशांत आणायचे ते आता, सगळ्यात शेवटी: १०१, १८७, २४८, २८१, २९९, ३६०. शेवटचा आकडा ३६० असणारच, त्यामुळे वर्तुळ बंद झाले नाही असे होऊच शकत नाही. लागोपाठच्या दोन खुणांमधले अंतर काढले तर पाकळ्या १०१, ८६, ६१, ३३, १८ आणि ६१ अंशांच्या येतात. मघाशी हरवलेला एक अंश प्रवासाच्या पाकळीत गेला आहे. तिथे ३२.४ ऐवजी ३३ झाले, म्हणजे ०.६ अंशाचा फरक, एका टक्क्याच्या पाचव्या हिश्श्याहून कमी. यापेक्षा बारीक काम साध्या कोनमापकाकडून होतही नाही.

हा हिशेब स्प्रेडशीटमध्ये करत असाल तर बाबींचे आकडे B2 ते B7 मध्ये लिहून शेजारच्या रकान्यात हे सूत्र टाका आणि खाली ओढा. टक्क्यांची बेरीज ९९ असली तरी, आणि टक्क्यांऐवजी रकमा असल्या तरी, खुणा बरोबरच येतात.

```
=ROUND(SUM(B$2:B2)/SUM(B$2:B$7)*360,0)
```

आता कागदावर. वर्तुळ सहा सेंटिमीटर त्रिज्येचे घ्या. तीन सेंटिमीटरच्या वर्तुळात परिघावर एक अंश म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर, आणि पेन्सिलची रेघच तेवढी जाड असते. सहा सेंटिमीटरला तो एक मिलिमीटरच्या थोडा वर जातो आणि टोकदार पेन्सिलीला काम करायला जागा मिळते. मध्यातून उजवीकडे सुरुवातीची त्रिज्या आखा आणि तीच रेघ फिकट हाताने डावीकडे वाढवून पूर्ण व्यास करा. कोनमापकाची शून्य ते १८० ही छापील रेघ त्या व्यासावर आणि मध्यखूण कंपासच्या टोकाने पडलेल्या भोकावर बसवा. उजवीकडे ज्या पट्टीवर शून्य आहे तीच पट्टी शेवटपर्यंत वाचायची. वरच्या अर्ध्या भागात एकच खूण येते, १०१ ची.

पुढच्या सगळ्या खुणा १८० च्या पलीकडच्या आहेत, आणि अर्धवर्तुळाकार कोनमापक घेऊन अनेक जण नेमके इथेच गोंधळतात. प्रत्येकातून १८० वजा करा: ७, ६८, १०१, ११९. मग कोनमापक उलटा धरण्यापेक्षा वही उलटी फिरवा. व्यासाचे डावे टोक आता उजवीकडे येते. कोनमापक पुन्हा त्याच व्यासावर, त्याच मध्यावर बसवा आणि पहिल्यासारखीच उजवीकडून शून्य असलेली पट्टी वाचत या चार खुणा करा. कोनमापक दोनदाच ठेवला गेला. एखादी खूण थोडी चुकली तरी ती चूक फक्त तिच्या दोन बाजूंच्या पाकळ्यांपुरती राहते, पुढे सरकत नाही.

त्रिज्या आखून झाल्यावर आणि व्यासाची फिकट बाजू खोडण्यापूर्वी एक नजर टाका. घरभाडे आणि किराणा मिळून ५२ टक्के होतात, म्हणून किराण्याची शेवटची रेघ व्यासाच्या किंचित पुढे गेलेली दिसली पाहिजे. अलीकडे दिसली तर तीच खूण चुकली आहे, ती पुन्हा मोजा.

शेवटची तपासणी कोनमापकाशिवाय करता येते, आणि म्हणूनच ती मला जास्त भरवशाची वाटते. शिक्षण आणि बचत दोन्ही १७ टक्के आहेत, तेव्हा दोन्ही पाकळ्या सारख्याच रुंद हव्यात. कंपासचे टोक शिक्षणाच्या पाकळीच्या एका टोकावर परिघावर ठेवा, पेन्सिल दुसऱ्या टोकापर्यंत उघडा आणि तेच अंतर न बदलता बचतीच्या पाकळीवर लावून पाहा. बरोबर बसले पाहिजे. यादीत असे सारखे आकडे नसतील तर वर्तुळ काढताना कंपास जेवढा उघडला होता तेवढाच पुन्हा उघडा. त्रिज्येइतक्या अंतराने परिघावर ६० अंश कापले जातात, म्हणजे साधारण १६.७ टक्के. १७ टक्क्यांची पाकळी त्याच्यापेक्षा केसभर रुंद हवी. सहा सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात हे 'केसभर' म्हणजे जवळपास एक मिलिमीटर, आणि कंपासचे टोक टेकवले की ते स्वच्छ दिसते.